‘आपली आज्ञाधारक’ खोडा! पहिल्या नोकरीचा अर्ज म्हणजे जोहार नव्हे

आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. बहुतेक मुलं-मुली तिथे एमपीएससी, बँक, रेल्वे, पोलीस भरतीचा अभ्यास करतात. त्या परीक्षांना अर्ज म्हणजे ऑनलाइन फॉर्म. रकाने भरायचे, फोटो चिकटवायचा, फी भरायची. स्वतःबद्दल चार ओळी लिहायची वेळच येत नाही. पण जागा निघत नाहीत, निकाल लागत नाहीत, वय सरत जातं, आणि एक दिवस घरातून आवाज येतो, “खासगीत तरी बघ.” तेव्हा पहिल्यांदा कोरा कागद समोर येतो आणि आपली पदवीधर मुलगी त्यावर जे लिहिते, ते वाचून आमच्या पोटात खड्डा पडतो.

बी.कॉम. झालेल्या एका मुलीने आम्हाला तिचा अर्ज दाखवला. वाहनांच्या सुट्या भागांच्या एका वितरकाकडे ज्युनिअर अकाउंट असिस्टंटची जागा होती. जाहिरात मराठीत होती आणि अर्जही मराठीत चालणार होता. तिच्या परवानगीने तो जसाच्या तसा देतो:

“प्रति, मा. व्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी. विषय : नोकरी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी एक सुशिक्षित बेरोजगार असून माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंत झालेले आहे. माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून वडील मजुरी करतात. मी कष्टाळू, प्रामाणिक व वक्तशीर आहे. मला कोणताही अनुभव नाही, तरी आपण मला एक संधी दिल्यास मी आपली सदैव ऋणी राहीन. मिळेल त्या पगारावर कोणतेही काम करण्याची माझी तयारी आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक,”

खाली सही.

आम्ही विचारलं, “ताई, हा कुठून आणलास?” ती म्हणाली, “दादा, सगळे असंच लिहितात. शाळेत शिकवलेला नमुना आहे.”

तिचं खरं आहे. सगळे असंच लिहितात. आमच्यातल्या कित्येकांनी स्वतः असंच लिहिलेलं आहे. म्हणूनच हा लेख त्या मुलीच्या विरोधात नाही. तो या नमुन्याच्या विरोधात आहे, आणि तो नमुना पिढ्यान् पिढ्या निमूटपणे उतरवून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या विरोधात आहे.

हा अर्ज पुन्हा वाचा. त्यात हिशेबाबद्दल एकही वाक्य नाही. जागा हिशेबनिसाची आहे. टॅली, बिलं, बँक, जीएसटी यांतला एक शब्दही नाही. जे आहे ते गरिबी, ऋण, सहानुभूती आणि आज्ञाधारकपणा. हाच कागद शिपायाच्या, शिक्षकाच्या किंवा पिठाच्या गिरणीवरच्या जागेलाही चालेल. अर्ज वाईट आहे हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. जो अर्ज कुठेही चालतो, तो कुठेच चालत नाही.

ही भाषा आली कुठून?

इंग्रजी अर्जाच्या नमुन्यातही हेच आहे. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ असं आपली मुलं आजही पाठ करतात. त्यातल्या ‘बेग’चा अर्थ भीक मागणे. शेवटी ‘युअर्स ओबीडियंटली’, म्हणजे आपला आज्ञाधारक. ही राजदरबाराची आणि साहेबाच्या कचेरीची भाषा आहे. अर्जदाराला हक्क नाही, साहेबाला मर्जी आहे, हे तिचं गृहीतक. साहेब गेला, पण कारकुनीच्या वहीतून त्याची भाषा शाळेच्या वहीत आली.

आपल्यासाठी तिचा आणखी एक अर्थ आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी महारकीची कामं केली. सांगावा नेणं, सरकारी माणसाच्या दिमतीला राहणं, मेलेलं जनावर ओढणं, गावाची राखण करणं. कामाला वेळ नव्हती, व्याख्या नव्हती. आणि त्याचा मोबदला? बलुतं. ते केलेल्या कामाचं देणं होतं, पण ते मागायला खळ्यावर उभं राहावं लागे, वाकून, जोहार घालून. श्रम आधी करायचे आणि त्यांचा मोबदला नंतर भीक म्हणून मागायचा, ही त्या व्यवस्थेची खरी हुशारी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. कामं ठरलेली असावीत, बलुत्याऐवजी पैशात मोबदला मिळावा, ज्याला वतन नको त्याला त्यातून मोकळं होता यावं, असा त्याचा रोख होता. वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. जोहार आपण त्याआधीच टाकला होता आणि त्या जागी ‘जय भीम’ आणला होता.

मग जोहार तोंडातून गेला आणि अर्जात का राहिला? ‘मिळेल त्या पगारावर कोणतेही काम’ या ओळीत नेमकं काय आहे? कामाची व्याख्या नाही आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. हे वतनच आहे. बी.कॉम.च्या गुणपत्रिकेला टाचण्या लावून सादर केलेलं वतन.

काही जण म्हणतील, ही नम्रता आहे, संस्कार आहेत, यात राजकारण कशाला आणता? नम्रतेला आमचा विरोध नाही. ‘नमस्कार’ म्हणा, ‘आपण’ म्हणा, वेळ दिल्याबद्दल आभार माना. पण नम्र माणूस समोरच्याला मान देतो आणि लाचार माणूस स्वतःचा मान काढून देतो. एवढा फरक आम्हाला कळतो, आणि समोर बसलेल्या मालकालाही कळतो. पगार ठरवताना तो हीच ओळ पुढे करतो, “तुम्हीच लिहिलंय ना, मिळेल त्या पगारावर?”

“दादा, मी काहीच केलेलं नाही”

आता कामाचं बोलू. लाचारी खोडली की कागदावर काय उरतं? त्या मुलीच्या अर्जात सही उरली. आम्ही म्हटलं, ठीक आहे, आता जाहिरात काढ. जाहिरातीत तीन कामं होती : टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ, आणि जीएसटीसाठी बिलं जुळवणं. ‘नवीन उमेदवार चालेल’ असंही लिहिलं होतं. आम्ही तिला प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न विचारला : हे, किंवा याच्यासारखं काही, तू कधी केलंस?

“दादा, मी काहीच केलेलं नाही. मला अनुभवच नाही.”

इथे थांबू नका. पहिली नोकरी शोधणारा आपला प्रत्येक मुलगा आणि मुलगी इथे हेच म्हणते. कारण अनुभव म्हणजे पगारपत्रक आणि कंपनीच्या शिक्क्याचा दाखला, असं आपल्याला वाटतं. आम्ही प्रश्न बदलला. “मग डिसेंबर ते मार्च रोज संध्याकाळी कुठे जात होतीस?”

“ते होय? एका टॅक्सवाल्या सरांकडे. पण ते शिकायला होतं, पगार नव्हता.”

“तिथे काय करायचीस?”

मग हळूहळू बाहेर आलं. एका हार्डवेअर दुकानाची खरेदी बिलं ती टॅलीत नोंदवायची, आठवड्याला चाळीसेक. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर मागच्या महिन्याचं जीएसटीआर-२बी तयार होतं. पुरवठादारांनी आपली जी बिलं दाखवली आहेत त्यांचं ते विवरण. ते उतरवून दुकानाच्या खरेदी नोंदींशी ओळीओळीने जुळवायचं काम तिच्याकडे होतं. बिल दुकानाच्या वहीत आहे पण २बीमध्ये नाही, असं झालं की दुकानदाराला त्या बिलावरच्या कराची वजावट घेता येत नाही, पैसे अडकतात. मग कारण शोधायचं. पुरवठादाराने विवरणपत्रच भरलं नाही, की बिल क्रमांक चुकीचा टाकला, की पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात एखादं अक्षर चुकलं? कारणासह यादी करून ती सरांना द्यायची. चार महिने तिने हे केलं. आणि अर्जात लिहिलं, ‘मला कोणताही अनुभव नाही’!

हे खोटं आहे, असं आम्ही तिला स्पष्ट सांगितलं. फुगवून सांगणं जसं खोटं, तसं केलेलं काम नाकारणं हेही खोटंच. आपल्या श्रमाला मोल नाही हे आपल्याला इतकं शिकवलं गेलं आहे की बिनपगारी श्रम हे श्रम आहेत हेच आपण विसरतो.

दुसरं काम होतं बँकेचा ताळमेळ. ते तिने खरंच केलेलं नव्हतं. पण अभ्यासिकेतला एक मुलगा मध्येच बोलला, “दादा, जयंतीचा दोनशे सत्तरचा घोळ हिनेच काढला ना!”

त्या घोळाची गोष्ट सांगायलाच हवी. यंदा आमच्या जयंती समितीने वर्गणीसाठी दहा पावती पुस्तकं काढली होती. नोंदवहीत बेरीज आली १,४२,६२० रुपये. रोख आणि खात्यावरचे मिळून भरले १,४२,३५०. म्हणजे २७० रुपये कमी. रक्कम छोटी, पण वस्तीत कुजबुज मोठी झाली. एका गल्लीची वर्गणी गोळा करणाऱ्या पोराकडे बोटं जायला लागली. तो पोरगा घरी जेवेना. ही मुलगी नोंदवही घेऊन बसली. फरकाला तिने नऊने भागलं. २७० भागिले ९, बरोबर ३०. नि:शेष भाग गेला, म्हणजे कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे, हे तिला सरांनी शिकवलं होतं. मग तिने सगळ्या पावत्यांच्या स्थळप्रती काढून फक्त अंक उलटे झालेत का एवढंच पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी सापडलं. पावती २५१ ची, नोंदवहीत ५२१. पैसे कुठेच गेले नव्हते, लिहिणाऱ्याचा हात चुकला होता. विहारात सगळ्यांसमोर हिशेब वाचला गेला आणि त्या पोराची मान वर झाली.

बँकेचा ताळमेळ म्हणजे वेगळं काय असतं? दोन ठिकाणच्या नोंदी समोरासमोर ठेवायच्या, फरक काढायचा आणि फरकाचं कारण कागदावर दाखवायचं. तिने हे केलं होतं. फक्त ते ‘समाजाचं काम’ होतं, म्हणून ते अर्जात लिहायचं असतं हे तिला सुचलंच नाही.

आम्ही केलेली चूक

पहिला नवा मसुदा आम्हीच लिहून दिला आणि तो फसला. आम्ही भाषणं करणारी माणसं. आम्ही लिहिलं, “मी आत्मविश्वासू, जिद्दी आणि नेतृत्वगुण असलेली युवती असून आपल्या संस्थेला यशाच्या शिखरावर नेण्याची क्षमता माझ्यात आहे.” तिने मोठ्याने वाचलं आणि हसू लागली. “दादा, हे मी नाही.”

तिचं बरोबर होतं. जुना अर्ज पायाशी वाकला होता, नवा टाचा उंचावून उभा होता. दोन्हींत ती नव्हती. ‘कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर’ आणि ‘जिद्दी, नेतृत्वगुणी’ ही एकाच जातीची विशेषणं आहेत, कारण ती कुणीही स्वतःला लावू शकतो. वाचणाऱ्याकडे ती तपासायचा मार्ग नसतो, म्हणून तो ती वाचतच नाही. विश्वास बसतो तो तपासता येणाऱ्या गोष्टीवर : काय केलं, किती, किती दिवस, आणि त्याचं काय झालं. ‘मी प्रामाणिक आहे’ या वाक्यावर कुणी प्रश्न विचारू शकत नाही. ‘२७० रुपयांचा फरक शोधला’ यावर दहा प्रश्न विचारता येतात, आणि त्या दहाही प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे आहेत. आम्हाला आत्मविश्वास म्हणायचा आहे तो हाच. पुढचा प्रश्न येऊ दे, मी तयार आहे.

मग आम्ही पेन खाली ठेवलं. तिला म्हटलं, तू मला जसं सांगितलंस तसंच लिही, फक्त ‘दादा’ काढ. तिने लिहिलेला अर्ज हा :

“विषय : ज्युनिअर अकाउंट असिस्टंट या पदासाठी अर्ज.

नमस्कार,

आपल्या जाहिरातीत टॅलीवरील नोंदी, बँकेचा ताळमेळ आणि जीएसटीची बिले जुळवणे ही तीन कामे दिली आहेत. यांपैकी खरेदीच्या नोंदी आणि बिले जुळवणे ही कामे मी चार महिने केली आहेत.

डिसेंबर ते मार्च मी एका कर सल्लागारांकडे रोज संध्याकाळी काम शिकले. एका हार्डवेअर दुकानाची आठवड्याला सुमारे ४० खरेदी बिले मी टॅलीत नोंदवत होते. दर महिन्याला जीएसटीआर-२बी उतरवून ते खरेदी नोंदींशी जुळवणे आणि न जुळणाऱ्या बिलांची कारणासह यादी करणे हे काम माझ्याकडे होते. सुट्या भागांच्या व्यवसायात पुरवठादार अनेक असल्याने आपल्याकडे हे काम बरेच असेल, असे मला वाटते.

बँकेचा ताळमेळ मी अजून स्वतंत्रपणे केलेला नाही. मात्र आमच्या वस्तीच्या आंबेडकर जयंती समितीच्या १,४२,३५० रुपयांच्या हिशेबात नोंदवही आणि प्रत्यक्ष जमा यांत २७० रुपयांचा फरक येत होता. दहा पावती पुस्तकांच्या स्थळप्रती तपासून मी ती चूक शोधली : २५१ ऐवजी ५२१ अशी नोंद झाली होती. हा हिशेब नंतर जाहीर सभेत वाचून मंजूर झाला.

मी यंदा बी.कॉम. झाले. टॅलीवर चाचणी घेतल्यास मी तयार आहे. कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर भेटीस येऊ शकेन. माहितीपत्रक सोबत जोडले आहे.

अर्ज वाचल्याबद्दल आभार.”

खाली नाव आणि फोन नंबर. ‘आज्ञाधारक’ नाही, ‘ऋणी’ नाही.

यातल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, सुरुवात तिच्यापासून होत नाही, जाहिरातीतल्या कामांपासून होते. वाचणाऱ्याला त्याची गरज पहिल्याच ओळीत दिसते. दुसरी, जे येत नाही ते तिने लपवलेलं नाही आणि त्यासाठी माफीही मागितलेली नाही. ‘मला अनुभव नाही, तरी संधी द्यावी’ आणि ‘हे काम मी अजून केलेलं नाही, मात्र त्याच्या जवळचं हे केलं आहे’ या दोन वाक्यांत माहिती जवळपास तीच आहे, पण दुसऱ्या वाक्यात माणूस उभा आहे. तिसरी, पगाराचा उल्लेखच नाही. जाहिरातीत अपेक्षा विचारली असेल तर आकडा लिहा. विचारली नसेल तर गप्प राहा. स्वतःचा भाव स्वतःच पाडून सौद्याला बसू नका.

‘हलाखीची परिस्थिती’ का खोडली?

यावर अभ्यासिकेत वाद झाला. एक कार्यकर्ता म्हणाला, “वडील मजुरी करतात हे लिहायला लाज कसली? तीच तर आपली ओळख.” लाज नाहीच. पण ते वाक्य लिहिलं होतं कशासाठी? अभिमानाने नव्हे, दया यावी म्हणून. आणि दया येते असं आपण समजतो, ते तरी खरं आहे का? सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांत माणसं निवडणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. सगळे तोंडाने गुणवत्ता म्हणत होते, आणि तरीही उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ त्यांना महत्त्वाची वाटत होती. चांगलं घर म्हणजे चांगला माणूस, असा तो हिशेब. म्हणजे ज्या ओळीने आपल्याला दया मागायची असते, तीच ओळ तिथे आपल्या विरोधात वाचली जाऊ शकते. आपणच आपल्या हाताने त्यांच्या हातात काठी देतो.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि तो जास्त अवघड होता. ‘आंबेडकर जयंती समिती’ लिहायचं की ‘एका सामाजिक संस्थेचा हिशेब’ असं मोघम लिहायचं? एक भाऊ कळकळीने म्हणाला, “दादा, तुमचं पोट भरलेलं आहे. तुम्हाला स्वाभिमान परवडतो. तिचा अर्ज त्या एका शब्दावर केराच्या टोपलीत गेला तर?”

हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांचा अभ्यासही त्याच साली, त्याच साप्ताहिकात आला होता. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत ठेवला. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर उच्चजातीय हिंदू नावाला १ धरलं तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं. म्हणजे नावावरूनच चाळणी लागते. कितीही चांगला अर्ज लिहिला तरी ही चाळणी अर्जाने मोडत नाही. ती मोडायला खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची आणि भेदभावविरोधी कायद्याची लढाईच लढावी लागेल. चांगला अर्ज लिहिला की जातिभेद संपतो असं जो सांगतो तो तुम्हाला फसवतो आहे.

पण म्हणून अर्ज कसाही लिहिला तरी चालतो का? ‘आडनाव बघून फेकणारच आहेत, मग कशाला मेहनत?’ असं म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर असं आहे : जो आडनाव बघून फेकतो, तो लाचार अर्जही फेकतोच. लाचारीने त्याचं मन वळत नाही. आणि जो फेकत नाही, त्याला निवड करायला काहीतरी हातात द्यावं लागतं. लाचार अर्ज या दुसऱ्याच्याही हातात काही देत नाही. तोटा दोन्हीकडून आपलाच.

जयंतीच्या शब्दाबद्दल आमचं मत असं ठरलं. एखादी ओळ अर्जात ठेवायची की नाही हे एका कसोटीवर ठरवा : ती जाहिरातीतल्या कामाचा पुरावा देते का? देत असेल तर ठेवा. दहा पावती पुस्तकांचा हिशेब हा पुरावा आहे, म्हणून तो राहील. ‘मी चळवळीची कार्यकर्ती आहे’ एवढीच ओळ असती तर ती आम्ही काढली असती. लाजेने नव्हे, हिशेबाच्या कामाबद्दल ती काही सांगत नाही म्हणून. आणि समितीचं नाव लिहायचं की मोघम ठेवायचं, हा निर्णय ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे त्याने घ्यायचा. नाव झाकणाऱ्याला गद्दार म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही तिला दोन्ही बाजू सांगितल्या. ती म्हणाली, “मुलाखतीत विचारतीलच ना कुठली संस्था? मग मी अडखळेन. त्यापेक्षा आधीच लिहिते.” निर्णय तिचा, आणि कारणही तिचंच. तपासलं की अडखळायला लावील असं काही कागदावर नको, हे तिला आमच्याआधी कळलं.

तिने हाच अर्ज पहिला परिच्छेद प्रत्येक जाहिरातीप्रमाणे बदलून तीन ठिकाणी दिला. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही. ज्या वितरकाची जाहिरात होती तिथून बोलावणं आलं. टॅलीवर चाचणी झाली. मालकाने अर्ज समोर ठेवून विचारलं, “फरक २७० आहे, मग चूक कशी सापडली?” तिने कागदावर करून दाखवलं. मग त्याने गाव कोणतं, वडील काय करतात, हेही विचारलंच. तिने सांगितलं, “मजुरी करतात,” आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. आम्ही हे लिहीपर्यंत निकाल कळलेला नाही.

आपल्या प्रत्येक अभ्यासिकेत भिंतीवर कुठल्या ना कुठल्या परीक्षेचं वेळापत्रक असतं. त्याच्या शेजारी एक वही टांगा. जयंतीचा हिशेब कुणी ठेवला, रक्तदान शिबिराची नोंदणी कुणी केली, वाचनालयाच्या पुस्तकांची यादी कुणी केली, सहा डिसेंबरला पाण्याच्या स्टॉलचं नियोजन कुणी केलं, हे नाव, तारीख आणि आकड्यांसह त्यात लिहा. समितीच्या अध्यक्षांनी खाली सही करावी. उद्या आपलं पोरगं कोऱ्या कागदासमोर बसेल तेव्हा ‘मी काहीच केलेलं नाही’ असं म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

आणि तुमच्याकडे जुना अर्ज असेल तर आज रात्री काढा. ‘आज्ञाधारक’, ‘ऋणी’, ‘सहानुभूतीपूर्वक’, ‘मिळेल त्या पगारावर’ हे सगळे शब्द पेनने खोडा. मग बघा किती उरतं. जे उरत नाही, ते तुमच्याकडे नाही असं नव्हे. ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही, एवढंच.

जय भीम!